दोघीही सारख्याच जबाबदार

आमच्या शाळेच्या कचेरीत दोन प्रकारचे पालक येतात. एक, जे ‘बसा’ म्हटल्यावरही उभे राहतात. दुसरे, जे कोणी काही म्हणायच्या आत खुर्ची ओढून घेतात. अठ्ठावीस वर्षं मी इथे लिपिक आहे. खुर्चीकडे बघूनच सांगू शकतो, की या माणसाच्या कागदाला आज आवक नंबर पडणार का उद्या या म्हणून सांगितलं जाणार.

अठरा सप्टेंबरला मुख्याध्यापकांच्या खोलीत दोन्ही प्रकारचे पालक एकदम आले. प्रफुलभाऊ बसले होते. त्यांचं बियाणं-औषधांचं दुकान बसस्टँडसमोर आहे. त्यांची हर्षा सातवीत, आणि तिच्या ओठाला आदल्या दिवशी दोन टाके पडलेले. डोमा उभा होता. तलावाच्या मच्छीमार सोसायटीत जाळं टाकतो. त्याच्यामागे दाराच्या चौकटीला धरून त्याची बायको गोकुळा, बाजारात मासोळी विकते. त्यांची दामिनी पण सातवीतच. बाटली दामिनीनं मारली होती. स्टीलची, भरलेली.

ती बाटली पुरावा म्हणून माझ्या कपाटात ठेवली होती. बुडाशी चेपली होती.

“कशाले मारलं, ते इचारा ना सर,” गोकुळा म्हणाली.

आमचे मुख्याध्यापक धनराज सर वाईट माणूस नाहीत. त्यांना फक्त शांतता आवडते, आणि शांतता कागदावर कशी दिसते हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. शाळेत तक्रारपेटी आहे, मुलींच्या सुरक्षेची सखी सावित्री समिती आहे, तिचा अहवालही जातो. अहवालातल्या ‘प्राप्त तक्रारी’ या रकान्यात मी दर वेळी एकच शब्द टाइप करतो: निरंक. शाळेमागच्या झुडपात वाघ दिसला, तर वनविभागाला पत्र त्याच दिवशी जावक होतं. वाघाला आमच्या शाळेत बापाचं नाव विचारत नाहीत.

“विचारलं बाई,” सर म्हणाले. “चिडवाचिडवी झाली. हिनं चिडवलं, तिनं मारलं. आता मी एकीला धरू आणि एकीला सोडू, तर अन्याय होतो. मी दोघींनाही सारखं वागवतो.”

“चिडवलं नाई सर. दोन महिने झाले, नाक दाबतेत. दप्तरात खवले टाकतेत.”

“माही पोरगी रक्तानं भरून घरी आली,” प्रफुलभाऊ म्हणाले. “मी पोलिसात गेलो काय? नाई. काऊन? गावातली गोष्ट आहे म्हणून.”

रक्त सगळ्यांनी पाहिलं होतं. दोन महिने दाबलेली नाकं कोणाच्याच कपड्यांवर दिसत नव्हती.

सरांनी मला हाक मारली. “बापूराव, एक समजपत्र टाइप करा. दोन्ही पालकांच्या सह्या.”

मला विचार करावा लागला नाही. कॉम्प्युटरवर तयार मजकूर होता. पाच-सहा वर्षांपूर्वी दहावीतल्या दोन पोरांनी क्रिकेटच्या बॅटीवरून एकमेकांना खरोखरच सारखं बडवलं होतं, तेव्हा केलेला. तेव्हा त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. मी फक्त नावं आणि तारीख बदलली. ‘आमच्या पाल्यांमध्ये आपसात भांडण झाले. त्यास दोघीही सारख्याच जबाबदार आहेत. यापुढे असे घडल्यास शाळा जो निर्णय घेईल तो आम्हांस मान्य राहील.’ प्रिंट निघेपर्यंत धरून पाच मिनिटं लागली.

प्रफुलभाऊंनी वाचून सही केली. डोमानं न वाचताच पेन मागितलं.

“अवो, थांबा ना,” गोकुळा हळूच म्हणाली. “वाचा त काय लिवलं ते.”

“काय वाचाचं त्यात? मिटून राह्यलं ना? मिटू दे.”

डोमानं अशी घाई का केली, ते मला मागाहून समजलं. त्यांच्या सोसायटीत एक रीत आहे. तलावात दोघांची जाळी एकमेकांत गुंतली, तर चूक कोणाची हे कोणी विचारत नाही. दोघं काठावर बसतात, अर्धी गाठ हा सोडवतो, अर्धी तो. सोडवून झाली की एकाच बिडीतून दोघं ओढतात, आणि त्यानंतर ती गोष्ट जो काढेल त्याला बाकीचे हसतात. डोमाला वाटलं, हा कागद म्हणजे ती बिडी. अर्धा दोष आपण घेतला, अर्धा त्यांनी. संपलं.

पण बिडी ओढून विझते, आणि कागद मी पंच करून फाइलला लावतो.

पाच दिवसांत तो कागद कामाला लागला. हर्षा आणि तिच्या दोन मैत्रिणी आता खवले टाकत नव्हत्या. फक्त म्हणत, “तुह्या बापानं लिहून देल्लं, तू बी तेवढीच वाईट आहेस म्हणून.” तेवीस तारखेला दामिनीची चित्रकलेची वही मुताऱ्यांच्या मागच्या नालीत सापडली. तिनं कोणाला मारलं नाही. वर्गशिक्षिका नूतन मॅडमकडे ओली वही घेऊन गेली. मॅडमच्या हाताखाली त्रेसष्ट पोरं. त्या म्हणाल्या, “मागच्या आठवड्यात मिटलं ना तुमचं? पुन्हा सुरू? दोघीही बाहेर उभ्या राहा.” दोघी उभ्या राहिल्या, एक तास. हर्षा उभ्याउभ्या हसत होती असं म्हणतात. मी पाहिलं नाही, म्हणून लिहून ठेवत नाही.

दुसऱ्या दिवशी सरांनी डोमाला एकट्यालाच बोलावलं.

“हे पाहा डोमाभाऊ, मी शाळेतून काढतो असं म्हणत नाही. आठवीपर्यंत काढता येतही नाही, कायदा आहे. पण तुम्ही सही केलेली आहे. हे दुसऱ्यांदा झालं. पोरीच्या भल्यासाठी तुम्ही स्वतःच दाखला मागितला, तर मी अडवणार नाही. दुसऱ्या शाळेत नव्यानं सुरुवात होईल.”

डोमा बाहेर माझ्या टेबलाजवळ येऊन उभा राहिला. मग म्हणाला, “बापूभाऊ, गुतलेली जाळी दोघायनं सोडवाची असते. यायनं त सारी गाठ माह्याच पोरीच्या गयात ठेवली.”

मी म्हटलं, “दाखल्याचा अर्ज आज देऊ नका.” एवढंच. कचेरीत माझ्या तोंडून याहून जास्त निघत नाही.

रविवारी मी बाजारात गेलो. गोकुळा पावशीवर मासोळी कापत होती. वर न बघताच म्हणाली, “या बापूभाऊ. झिंगे घेता, का वास येते?”

“झिंगे नको. मरळ आहे काय?”

“आहे. तुमच्या फायलीत गुंडाळून देऊ?”

शेजारच्या बाया हसल्या. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार होतो. मग टोपलीपाशी उकिडवा बसलो. “गोकुळाबाई, तुमच्या घरून शाळेला एक ओळ तरी लिहून आली आहे काय आतापर्यंत?”

“चारदा सांगतलं मॅडमले. तोंडानं सांगतलं.”

“तोंडानं सांगितलेलं माझ्या रजिस्टरात येत नाही. शाळेच्या कागदावर आज फक्त एकच गोष्ट झालेली आहे. दोघी भांडल्या, दोघी सारख्या. दुसरं काही घडलंच नाही.”

तिची पावशी थांबली. “मंग काय करू?”

“लिहा. भांडू नका, लिहा. आणि पहिल्यांदा बाटलीचं लिहा.”

“बाटलीचं मीच लिहू? तेच त धरून बसले ते!”

“म्हणूनच. ते तुमच्याच अर्जात आलं, तर कोणी तुम्हाला दाखवू शकत नाही. मारलं, चुकलं, त्याची जी शिक्षा असेल ती द्या. पण त्याच्या आधीचं जे आहे ते वेगळं, त्याची चौकशी वेगळी. दोन्ही एका वाक्यात बसवू देऊ नका. आणि त्या पोरीला नावं ठेवायची नाहीत. काय केलं, कोणत्या दिवशी, कोणी पाहिलं, कोणाला सांगितलं, त्यांनी काय केलं. बस.”

“तारखा कुठून आणू मी?”

मी सांगितलं ते लिपिकानं सांगू नये. पण ते गुपितही नव्हतं. “पोरगी त्रासाच्या दुसऱ्या दिवशी शाळेत यायची?”

तिनं पावशी बाजूला सारली. मग म्हणाली, “नाई. पोट दुखते म्हणे.”

“मग तारखा आमच्याच हजेरीपटात आहेत. गैरहजर कधी होती ते लेखी मागा. शाळा आपल्या हातानं देईल.”

तिनं मरळ कागदात बांधून दिली. उठताना म्हणाली, “मी बी सातवीपर्यंतच शिकली, बापूभाऊ. ह्याच शाळेत. अक्षर खराब आहे.”

“अक्षराला नंबर लागत नाही. दोन प्रती आणा.”

सोमवारी आधी तिनं हजेरीचा अर्ज दिला. हजेरीचा अर्ज म्हणजे शिष्यवृत्तीचं काहीतरी असेल, असं समजून सरांनी सही केली. बुधवारी ती मोठा अर्ज घेऊन आली. वहीची दोन पानं, निळ्या शाईत, ओळी चढत गेलेल्या. मी वाचला. मी शिकवलेलं त्यात होतं, आणि शिकवलं नव्हतं तेही.

‘विषय: दि. १८ सप्टेंबरच्या समजपत्रातील “दोघीही सारख्याच जबाबदार” हे वाक्य आम्हांला मान्य नसल्याबाबत.

माझ्या मुलीने दि. १७ ला हर्षाच्या तोंडावर बाटली मारली. ते चुकीचे होते. आम्ही हर्षाच्या घरी जाऊन माफी मागितली आहे. त्याची शिक्षा शाळेने द्यावी, आमची हरकत नाही.

पण त्याच्या आधीचे कुठेच लिहिलेले नाही म्हणून लिहिते. २१ जुलैला तीन मुलींनी तिच्या दप्तरात माशाचे खवले टाकले. २२ ला ती गैरहजर आहे. ४ ऑगस्टला तिला डबा खाताना उठवले, वास येतो म्हणून. ५ ला गैरहजर. २० ऑगस्टला व ८ सप्टेंबरला तेच झाले, २१ व ९ ला गैरहजर. हजेरीपटाची नक्कल जोडली आहे. चारही वेळा मी स्वतः वर्गशिक्षिकांना सांगितले. त्यांनी “मी बघते” म्हटले. काय बघितले ते आम्हांला समजले नाही.

दि. २३ सप्टेंबरला तिची वही नालीत टाकली. त्या दिवशी तिने कोणाला हात लावला नाही, मॅडमला सांगितले. तरी तिला पण उभे केले. सांगणे आणि करणे यांची शिक्षा एकच असेल, तर पुढच्या वेळी ती सांगणार नाही.

माझ्या नवऱ्याने सही भांडण मिटावे म्हणून केली. दोष मान्य म्हणून केली नाही.

आमची मागणी: ते वाक्य मागे घ्यावे आणि हा अर्ज समजपत्राच्या सोबत लावावा. बाटलीची आणि आधीच्या त्रासाची चौकशी वेगळी करावी. मुलींना एकेकट्या विचारावे, दोघींना समोरासमोर उभे करू नये. तिची जागा बदलावी आणि मधल्या सुट्टीत कोण लक्ष देणार त्यांचे नाव सांगावे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. आम्ही दाखला मागत नाही.’

शेवटचं वाक्य तिनं खाली एकटंच वेगळं लिहिलं होतं: ‘तिला शाळा आवडते.’ मी बाजारात असतो तर ते काढायला सांगितलं असतं. कचेरीत होतो, म्हणून राहू दिलं.

सर आतून म्हणाले, “ठेवून घ्या बापूराव. नंबर नंतर टाकू.”

गोकुळा माझ्याकडे बघत होती. दुसरी प्रत तिनं दोन बोटांत धरली होती, ओल्या हातानं कागद धरावा तशी.

नंबर नंतर टाकलेले अर्ज कुठे जातात, हे या शाळेत माझ्याइतकं कोणाला माहीत आहे? माझ्या टेबलाच्या खालच्या खणात त्यांचा चांगला गठ्ठा आहे. मी रजिस्टर उघडलं. आवक क्रमांक ११७, दिनांक १ ऑक्टोबर. दोन्ही प्रतींवर शिक्का मारला, सही केली, एक तिला दिली. शिक्क्याचा आवाज आत गेला असावा. आतून काही आलं नाही.

यानंतर सगळं नियमाप्रमाणे झालं, म्हणजे सावकाश झालं. नंबर पडलेल्या अर्जाला उत्तर द्यावं लागतं. त्यात तारीख मागितली असली, तर त्या तारखेच्या आदल्या दिवशी द्यावं लागतं. समितीची बैठक दोनदा पुढे गेली. एकदा तालुक्याला मीटिंग होती, एकदा निवडणुकीचं काम आलं. दामिनी या दिवसांत शाळेत आली नाही. नूतन मॅडम हजेरी घेताना तिच्या नावाशी थांबायच्या, मग पुढे जायच्या. एकदा माझ्याकडे येऊन म्हणाल्या, “भाऊ, चार वेळा सांगितलं होतं तिनं. मला दोनच वेळा आठवते.” मी म्हटलं, “बैठकीत तेच सांगा.” आणि त्यांनी सांगितलं, हे त्यांच्या खात्यावर जमा.

बैठकीत मुलींना एकेकटं बोलावलं. हर्षासोबतच्या दोघींपैकी एकीनं रडत सगळं सांगितलं. प्रफुलभाऊ त्या दिवशी पहिल्यांदा कचेरीत उभे राहिले. म्हणाले, “घरी असं कोणी शिकवत नाई सर.” खरंही असेल. दुकानात येणाऱ्याला तेही ‘बसा’ म्हणत असतील. कोणाला म्हणतात, ते हर्षा रोज बघत असेल.

पंधरा ऑक्टोबरला, दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या तोंडावर, उत्तर जावक झालं. सरांनी ते स्वतः तीनदा दुरुस्त केलं होतं. ‘समजपत्रातील सदर वाक्य वस्तुस्थितीस धरून नसल्याने मागे घेण्यात येत आहे.’ हर्षाला आणि दोघींना वेगळी लेखी समज. दामिनीला बाटलीबद्दल वेगळी. जागा बदलली. मधल्या सुट्टीत नूतन मॅडम. मागितलेलं सगळं होतं. मी टाइप केलं तेव्हा मनात हिशेब झाला: ते वाक्य लिहायला पाच मिनिटं, पुसायला सत्तावीस दिवस.

सुट्ट्यांनंतर शाळा उघडली त्या दिवशी गोकुळा आली. एकटीच. शाळेचं उत्तराचं पत्र घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेलं.

“कागद बरोबर आहे बापूभाऊ,” ती म्हणाली. “पोरगी नाई ऐकत.”

“म्हणजे?”

“दाखवलं तिले. वाचून दाखवलं. म्हणे आई, सर्वायले समजलं का मी खरं सांगत होती? म्हटलं, हो. म्हणे, मंग आता मले जाऊ दे.” तिनं पिशवीला गाठ मारली. “अहेरीले आत्या आहे तिची, अंजनाबाई. तिथच्या शाळेत टाकतो. बाप रोज सकाळी शाळेच्या रस्त्यापर्यंत आणून सोडे, आन् पोरगी तिथूनच वापस फिरे. किती दिवस वढाचं?”

मी दाखल्याचं पुस्तक काढलं. नाव, जन्मतारीख, जात. वर्तणूक: चांगली. सरांनी यावर काही म्हटलं नसतं, आता नाही. मग आला शाळा सोडण्याचं कारण हा रकाना. माझा हात आपोआप ‘पा’ लिहायला खाली गेला.

“पालकांच्या विनंतीवरून नका लिवू,” गोकुळा म्हणाली.

मी वर पाहिलं.

“माह्या बी दाखल्यावर तेच लिवलं होतं तुमी. माह्या बापानं कोणाले विनंती केली नव्हती. त्यायले त अर्जबी लिवता येत नव्हता.”

मला आठवेना. तेव्हा मी नोकरीला लागून तीन-चार वर्षं झाली असतील. ती गेल्यावर मी जुनं जनरल रजिस्टर काढून पाहिलंच. सातवी, गोकुळा, आणि माझं तेव्हाचं देखणं अक्षर. तिनं सांगितलं तेच होतं.

पण ते नंतर. तेव्हा मी पेन उचललं आणि लिहिलं: ‘आवक क्र. ११७, दि. १ ऑक्टोबरच्या अर्जात नमूद त्रासामुळे.’ दाखला सरांपुढे ठेवला.

सरांनी वाचला. चष्मा काढला, पुन्हा घातला. “बापूराव, हे असं कोणी लिहितं काय? बदला.”

“पुस्तकाची पानं क्रमांकाची आहेत सर. खोडलं तर दिसेल. पान रद्द करायचं तर कारण लिहावं लागेल.”

सरांनी पेन उचललं. त्यांना वाद नको होता. सप्टेंबरातही नको होता. त्यांनी सही केली आणि दाखला माझ्याकडे सरकवला, माझ्याकडे न बघता.

गोकुळानं दाखला पत्रासोबत त्याच पिशवीत ठेवला. ती निघाली तेव्हा मला कपाटातली बाटली आठवली. काढून दिली. तिनं ती हातात फिरवून पाहिली, चेपलेल्या जागेवर अंगठा ठेवला.

“झाकण कुठी आहे याचं?”

मी कपाटात पाहिलं, टेबलाखाली पाहिलं, खालच्या खणातला गठ्ठाही हलवून पाहिला. झाकण नव्हतं. जप्त करताना होतं की नव्हतं, याची नोंद कोणी केली नव्हती.

“जाऊ द्या,” ती म्हणाली. “बसमधी सांडेल थोडं.”

दुपारी मी समितीचा अहवाल टाइप करायला घेतला. ‘प्राप्त तक्रारी’च्या रकान्यात ‘१’ टाकला. पुढचा रकाना होता, ‘निकाली काढलेल्या’. तिथेही ‘१’ टाकावा लागला. नियमाप्रमाणे तो बरोबर होता.